सेफ्टीपिनवाली मोटर थरथरते, आडवी पडते पण फिरत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा वायरचं टोक चुकीच्या बाजूने घासलेलं असणं हेच असतं

आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, देवगड तालुक्यात, खाडीजवळच्या बाजारात. पाऊस संपला की विहिरींवरचे पंप यायला सुरुवात होते आणि शाळेतली विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की त्यांच्या मागोमाग पोरं येतात, सेलवर उभ्या केलेल्या दोन सेफ्टीपिनांत वायरची कॉइल फिरवायची ती छोटी मोटर बनवायला. एका हातात सेल, दुसऱ्या हातात जुन्या स्पीकरमधलं मॅग्नेट, आणि खिशात वेडीवाकडी गुंडाळलेली तांब्याची वायर. तक्रार दरवर्षी तीच, मोटर फिरत नाही, आणि दरवर्षी मी तेच सांगत बसतो, म्हणून म्हटलं यावेळी एकदा नीट लिहूनच टाकू. यंदाची केस एका सातवीतल्या पोरीची आहे, नाव नाही सांगत, आपण तिला बायच म्हणू. तिच्या एकाच मोटरमध्ये एकामागून एक सगळ्या चुका झाल्या होत्या त्यामुळे एकीची गोष्ट सांगितली की बाकीच्यांचं पण काम होईल.

बाय पहिल्यांदा आली ती वायर मागायला. तिला २६ गेजची इनॅमल वायर दिली मी, रिळावर शेवटचा तुकडा उरला होता तो, दीडेक मीटर असेल. हा गेज मुद्दाम सांगतोय कारण पोरं बऱ्याचदा जळक्या ट्रान्सफॉर्मरमधली केसासारखी बारीक वायर काढून आणतात, तिची कॉइल बनते पण दोन्ही बाजूला जी टोकं बाहेर काढायची असतात ती मऊ पडून खाली लोंबतात आणि मग ती टोकं आस म्हणून काही कामाची राहत नाहीत. २४ किंवा २६ गेज घ्या, अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडी, ती स्वतःच्या जोरावर सरळ राहते. आणि वायर उघडी नको, वार्निशचं कोटिंग असलेलीच पाहिजे, नाहीतर वेढे एकमेकांना चिकटून करंट मधूनच पळतो.

बाकी सामान तिचं घरचंच होतं. आजीच्या बॅटरीतला एक मोठा सेल (बॅटरी म्हणजे टॉर्च, आमच्याकडे लाईट गेली की आजी आधी देवाचं नाव घेते आणि मग बॅटरी शोधते), दोन मोठ्या सेफ्टीपिना, एक रुंद रबरबँड. सेल आडवा ठेवायचा, दोन्ही टोकांना एकेक सेफ्टीपिन उभी टेकवायची, पिनेचं ते गोल वळण, ज्याला भोक असतं, ते वर, आणि रबरबँडने आवळून टाकायचं. सेलच्या पाठीवर मॅग्नेट ठेवायचं, सेलचं कवच लोखंडी असतं म्हणून ते आपोआप चिकटून बसतं. वायरचे पंधरा वेढे मार्कर पेनावर घालायचे, दोन्ही बाजूला चार-चार सेंटीमीटर टोक सोडायचं, टोकाला दोन पीळ देऊन वेढे बांधून टाकायचे आणि ती टोकं पिनांच्या भोकात घालून कॉइल मॅग्नेटच्या वर टांगायची. मॅग्नेट आणि कॉइल यांच्यात फट तीन-चार मिलिमीटर, त्यापेक्षा जास्त झाली तर ओढ झपाट्याने कमी होते. झालं, एवढंच यंत्र. पाच मिनिटांचं काम, आणि तेवढ्यासाठी पोरीने दोन संध्याकाळी घातल्या होत्या.

दोन दिवसांनी बाय परत आली, चेहरा पाडून.

"काका, फिरना नाय. काय्येक होना नाय."

काहीच होत नाही, म्हणजे ना थरथर ना हालचाल, असं असेल तर करंटच जात नाहीये हे धरून चाला, मोटरच्या शास्त्रात शिरूच नका. मी टोकं बघितली तर काळीकुट्ट. तिला कुणीतरी सांगितलं होतं की वार्निश काडीने जाळलं की निघतं. जाळल्याने निघतं कमी आणि काजळी जास्त बसते, शिवाय तांबं पण काळवंडतं, त्या काळ्या थरातून करंट धड जात नाही. वार्निश खरवडूनच काढायचं, पॉलिशपेपरने किंवा ब्लेडच्या पाठीने. आणि एक गोम अशी की वार्निश आणि तांबं यांचा रंग जवळपास सारखाच असतो, वायर चकचकीत दिसते म्हणून पोरांना वाटतं ती उघडीच आहे. उघडं तांबं गुलाबीसर दिसतं, वार्निशवाली जरा तपकिरी-लालसर. उजेडात धरून बघा, फरक कळतो. मल्टिमीटर असेल तर प्रश्नच नाही, दोन टोकांना लावा, बीप वाजला की खल्लास.

तिला पॉलिशपेपरचा तुकडा दिला, तिने तिथेच बाकड्यावर बसून दोन्ही टोकं चांगली चकचकीत केली, पिनांत अडकवली, आणि कॉइलने एक झटका मारला, डावी-उजवी डोलली, थरथरली आणि आडवी होऊन थांबली. आडवी म्हणजे कशी, तर मॅग्नेटला समांतर, थाळी ठेवल्यासारखी. बोटाने उभी केली तर परत आडवी. पोरगी खूश, कारण काल काहीच होत नव्हतं, पण मी तिला म्हटलं थांब, सेलला हात लाव. सेल कोमट झाला होता.

दुसरी चूक म्हणतात ती ही. दोन्ही टोकं पूर्ण घासली की करंट कायम चालू राहतो. करंट चालू असला की कॉइल स्वतःच एक चपटं चुंबक होतं, तिचं एक तोंड उत्तर आणि दुसरं दक्षिण. खालच्या मॅग्नेटचं वरचं तोंड समजा उत्तर आहे, तर कॉइलचं दक्षिण तोंड खाली बघायला धडपडतं, आणि ते एकदा खाली आलं म्हणजे कॉइल आडवी झाली, की तिला हवं ते मिळालं. ती आता कशाला हलेल? करंट बंद होत नाही तोवर ती तिथेच गच्च बसणार, आणि सगळा करंट नुसता तार गरम करण्यात जाणार. त्या एक मीटर वायरचा रोध जेमतेम ०.१ ओहम असतो, म्हणजे सेलच्या नजरेतून हे जवळजवळ शॉर्ट सर्किटच. म्हणून कॉइल अडकलेली दिसली की आधी उचलून बाजूला ठेवायची, मग विचार करत बसायचं. याच कारणासाठी जुन्या मोबाईलची किंवा लॅपटॉपची लिथियम बॅटरी याला कधीही लावू नका, साधा सेल दमतो आणि गप्प बसतो, लिथियम दमत नाही, ती तापते आणि पेटते. घरच्या लाईटीचा तर विषयच नको.

मग तिला झोपाळ्याचं सांगितलं. पडवीतल्या झोपाळ्याला आपण पुढे जाताना धक्का देतो आणि मग हात काढून घेतो, तो आपल्या वेगाने जातो आणि परत येतो. हात लावूनच ठेवला तर झोपाळा थांबतो. कॉइलचं तेच. आडवी होण्याच्या दिशेने ओढ लागू द्यायची, आणि ती आडवी व्हायच्या क्षणाला करंट तोडायचा, मग ती आपल्या वेगात पुढचं अर्धं फिरणं फुकटात करते, आणि पुन्हा योग्य जागी आली की पुन्हा ओढ. हा चालू-बंदचा खेळ करायला मिक्सरमध्ये कार्बन आणि कॉम्युटेटर असतो, आणि आपल्या मोटरीत एका टोकाची अर्धी घासलेली बाजू असते. एक टोक पूर्ण घासायचं, दुसरं फक्त अर्धं, म्हणजे वायरच्या गोलाईची एक बाजू उघडी आणि दुसऱ्या बाजूला वार्निश तसंच. फिरताना उघडी बाजू पिनेवर टेकली की चालू, वार्निशची बाजू टेकली की बंद.

एवढं बऱ्याच व्हिडिओत सांगतात. पण व्हिडिओ बघून केलेली मोटर पण चालत नाही आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

बायने घरी जाऊन नवीन कॉइल केली, एक टोक पूर्ण, एक टोक अर्धं, आणि तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दप्तरासकट दुकानात.

"काका, परत आडवीच पडता."

"अर्धाच घासलंस मा?"

"व्हय, अर्धाच. शप्पथ."

"कसा घासलंस ता करून दाखव."

तिने कॉइल काउंटरवर सपाट ठेवली, भाकरी ठेवावी तशी, एका हाताने दाबून धरली आणि टोकाच्या वरच्या बाजूवर पॉलिशपेपर फिरवला. बस्स. सापडला चोर. मी हसलो तर रागावली.

आता हे जरा हळू वाचा कारण सगळं याच्यात आहे. कॉइल सपाट ठेवून वरची बाजू घासली, म्हणजे उघडी बाजू पिनेवर बरोब्बर मधोमध तेव्हा टेकते जेव्हा कॉइल आडवी असते. म्हणजे करंट चालू राहतो तो अर्धा फेरा आडव्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. आडवी व्हायच्या आधीचा पाव फेरा ओढ पुढे नेते, आणि आडवी झाल्यानंतरचा पाव फेरा तीच ओढ मागे खेचते. जेवढं दिलं तेवढंच परत घेतलं. वर घर्षण आहेच, मग ती फिरणार कशाच्या जोरावर? सावंताच्या दुकानातल्या उधारीसारखं, एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्याने द्यायचं, शिल्लक शून्य.

पाहिजे काय आहे, तर करंट चालू असण्याचा मध्य कॉइल उभी असताना यावा, कारण ओढीचा जोर सगळ्यात जास्त तेव्हाच असतो. आडवी व्हायच्या जागेपासून निघाली, उभी झाली, परत आडवी होत आली, एवढ्या अर्ध्या फेऱ्यात करंट, आणि नंतर बंद. त्यासाठी घासताना कॉइल उभी धरायची. टेबलाच्या कडेवर बसा, कॉइल टेबलाबाहेर उभी लटकू दे, भिंतीवरच्या घड्याळासारखी, टोक टेबलाच्या कडेवर सपाट टेकवा, आणि आता टोकाची फक्त वरची बाजू घासा. टोक फिरू द्यायचं नाही, नाहीतर गोल सगळीकडून निघतं. वरची घासा की खालची घासा याने काही बिघडत नाही, दोन्ही चालतात, फक्त समोरची आणि मागची नको.

तपासायची पद्धत अशी की कॉइल डोळ्यांसमोर घड्याळासारखी उभी धरायची आणि अर्ध्या घासलेल्या टोकाकडे बघायचं. गुलाबी तांबं आकाशाकडे नाहीतर जमिनीकडे दिसलं तर बरोबर. तुमच्याकडे किंवा भिंतीकडे दिसलं तर चूक, पाव फेऱ्याने चूक.

आणि चुकलेली कॉइल हातात असेल तर ती कोणती चूक आहे ते न घासता पण कळतं. आडवी पडलेली कॉइल बोटाने हळूच एक पूर्ण फेरा फिरवायची. पूर्ण फेऱ्यात सगळीकडे बोटाला ओढ लागत असेल तर दोन्ही टोकं पूर्ण घासलीत. अर्ध्या फेऱ्यात ओढ लागते आणि अर्ध्यात कॉइल मेल्यासारखी ढिली पडते, तरीही ती थांबते आडवीच, तर अर्धं घासलंय पण चुकीच्या बाजूला. अजून एक गंमत करून बघता येते, मॅग्नेट उलटं करायचं. चुकीच्या बाजूला घासलेली कॉइल मग आडवी पडायची बंद होते, उलट आडवी आणली की फटकन उडते, उभी होते आणि गप्प राहते. पोरांना वाटतं आता सुधारली. सुधारली नाही, फक्त ओढीच्या जागी ढकल आली, हिशोब तोच शून्याचा.

बायच्या बाबतीत पंचाईत अशी की वायर संपली होती, रीळ कुडाळहून यायचं होतं आणि प्रदर्शन दोन दिवसांवर. चुकीच्या बाजूचं वार्निश तर निघून गेलेलं. मी म्हटलं, घरी नेलपॉलिश कोण लावतं? ताई लावते म्हणाली. म्हटलं जा, घेऊन ये, सांगू नकोस कशाला. अर्ध्या तासात सायकलवरून बाटली घेऊन हजर, गडद लाल.

ते टोक तिच्याकडून आधी सगळीकडून पूर्ण घासून घेतलं. मग कॉइल उभी धरून टोकाच्या वरच्या अर्ध्या बाजूला ब्रशचं नुसतं टोक फिरवून पातळ पट्टा मारला, जिथे वायर पिनेवर बसते तिथे साधारण एक सेंटीमीटर. पातळ हा शब्द महत्त्वाचा, पहिल्यांदा तिने जाड थेंब सोडला तर तिथे गाठ झाली, फिरताना गाठ पिनेवर चढली की कॉइल उडी मारायची आणि दुसऱ्या टोकाचा पण टेका सुटायचा. पुसून परत मारला. वाळायला दहा मिनिटं, ती फुंकत बसली तर मी म्हटलं फुंकू नको, ओलं राहील आतून, पंख्याखाली ठेव. नेलपॉलिशने करंट अडतो, परमनंट मार्करच्या शाईने पण अडतो पण ती लवकर झिजते. आणि लाल रंगाचा फायदा असा झाला की उघडी बाजू कुठली आणि बंद बाजू कुठली हे तिला लांबून दिसायला लागलं, जे वार्निशमध्ये कधी दिसत नाही.

पिनांत टांगली. बोटाने वरून खाली हलकी टिचकी मारली, कॉइल अर्धा फेरा गेली आणि उलटी परत आली. बायचं तोंड परत पडलं. म्हटलं उलट्या बाजूने मार. या मोटरीची दिशा ठरलेली असते, घासलेली बाजू, मॅग्नेटचं वरचं तोंड आणि सेलचं प्लस कुठल्या बाजूला यावरून ती एकाच अंगाने फिरते, तुम्ही दुसऱ्या अंगाने टिचकी मारलीत तर ती तुमच्या विरुद्धच ढकलणार. कित्येक चांगल्या मोटरी एवढ्यावरून फेकून दिलेल्या मी बघितल्यात. दिशा बदलायची तर मॅग्नेट पालथं करा किंवा सेल उलटा करा. दोन्ही एकदम केलं तर मात्र आहे तशीच राहील.

तिने उलटी टिचकी मारली, आणि फिरली. आधी घरंगळल्यासारखी, ठक ठक ठक, मग वेग आला तसे वेढे दिसेनासे झाले, लाल पट्टा नुसता गुलाबी धूर झाला. दुकानात एक आंबेवाले गृहस्थ पंप घेऊन बसले होते, तेसुद्धा खुर्ची सरकवून पुढे आले.

पण नीट ऐकलं तर एक लय चुकत होती, फेऱ्यात एकदा जड वाटायची. हा तोलाचा प्रश्न. सेल काढून, म्हणजे एक पिन थोडी बाजूला करून, कॉइल तशीच टांगा आणि वेगवेगळ्या जागी सोडून बघा. जिथे सोडाल तिथे राहिली तर तोल ठीक. सारखी एकच बाजू खाली येत असेल तर टोकं मधोमध निघालेली नाहीत, एक वर एक खाली अशी निघालीत. चिमट्यानेच वाकवून दोन्ही एका सरळ रेषेत आणायची, तीही कॉइलच्या बरोब्बर मध्यातून. बायने हे एकटीने केलं, मी पंपाकडे वळलो होतो.

आता ज्याच्यासाठी पोरं दुसऱ्यांदा येतात ते. घरी फिरते, शाळेत फिरत नाही.

बाय प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी साडेनवाला दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी उभी. काल रात्री अर्धा तास फिरवली, सगळ्या वाडीला दाखवली, आज सकाळी नुसती थरथर. मी आधी मीटर लावला, सेल नुसता असताना १.४ व्होल्ट दाखवत होता, आणि इथेच लोक फसतात, म्हणतात सेल तर चांगला आहे. कॉइल लावलेली असताना मोजा. लावली तसा तो ०.५ वर आला. दमलेला सेल रिकाम्या हाताने ताठ उभा राहतो, ओझं दिलं की गुडघ्यात वाकतो. या मोटरीला करंट भरपूर लागतो, अँपिअरच्या घरात, त्यामुळे घड्याळ ज्या सेलवर वर्षभर चालतं तो इथे थोड्याच वेळात बसतो. सलग फिरवायचीच नाही, दाखवायचं तेवढंच, मग कॉइल उचलून ठेवायची. आजीच्या बॅटरीतला दुसरा सेल तिने बरोबर आणलाच होता, हुशार आहे.

पण नवीन सेल लावूनही दोन फेरे आणि बंद. तेव्हा टोक बघितलं. गुलाबी बाजूवर बारीक काळा डाग. प्रत्येक फेऱ्यात करंट तुटताना पिनेपाशी ठिणगी पडते, अंधारात बघा, निळसर टिंब दिसतं, आणि अर्ध्या तासात त्या ठिणग्यांनी तांब्यावर काळा थर चढतो. कार्बन घासून मोटर बंद पडते तेच बारक्या रूपात. त्यात आमची खारी हवा. रात्रभर उघड्या खिडकीत ठेवलेल्या सेफ्टीपिना, भोकाच्या आतल्या बाजूला मऊसा थर, हाताला चिकट. समुद्राकाठी स्टोव्हच्या पिनेपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याला जे होतं ते पिनेला होणार नाही कसं? पॉलिशपेपरची बारीक सुरळी करून पिनेच्या भोकात दोनदा फिरवली, टोकाच्या फक्त उघड्या बाजूवर एक हलका हात, लाल पट्ट्याला धक्का न लावता. लागलीच फिरली. उरलेला पॉलिशपेपर तिने कंपासपेटीत टाकला आणि पळाली, शाळेची घंटा झाली होती. मागून ओरडून सांगितलं की मॅग्नेट सुटं नेऊ नको, पिनांच्या डब्याबरोबर तर नकोच, सगळ्या पिना त्याला चिकटून येतील.

तिचं प्रदर्शन कसं झालं ते मला तिने चार दिवसांनी सांगितलं, मधे दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा तिने स्वतः घासून चालू केली, आणि तपासायला आलेल्या सरांनी दुसऱ्या वेळचं बंद पडणंच जास्त वेळ बघितलं म्हणे. नंबर आला का ते मी विचारलं नाही, तिने पण सांगितलं नाही. ती आली होती ती वेगळ्याच कामाला. एक म्हणजे आजी घरभर विचारत होती माझ्या बॅटरीतले सेल खंय गेले, त्यामुळे दोन मोठे सेल हवे होते. आणि दुसरं विचारायचं होतं.

"काका, तुमच्या पंपाक धक्को लागना नाय, मगे माझ्या मोटरीक कित्याक लागता?"

मी बाकड्यावर आंबेवाल्यांचा सिंगल फेज पंप जोडलेला होता, कपॅसिटर उडालेला. तिला लांब उभी केली, हात मागे बांधायला लावले, आणि स्विच दाबला. पंप नुसता हूं करून बसला, शाफ्ट जागचा हलेना. मी पटकन बंद केला. म्हटलं याच्यात कार्बन पण नाही आणि घासलेलं टोक पण नाही, याची रचनाच वेगळी, पण सुरुवातीला कुठल्या अंगाने फिरायचं हे याला पण कुणीतरी सांगावं लागतं, ते काम हा कपॅसिटर करतो, तो गेला की हा तुझ्या मोटरीसारखाच धक्क्याची वाट बघत बसतो. नवीन कपॅसिटर लावला, परत स्विच दाबला, उचलला त्याने.

बाय जुना कपॅसिटर मागत होती, शाळेत दाखवायला. आधी त्याची दोन्ही टोकं जोडून डिस्चार्ज केला आणि मगच दिला.